पाहुण्यांना काय उत्तर लिहू? खोलीत ठेवलेली नथ सापडत नाहीये

सराफ्यामागची (इंदूर) · रविवार, रात्री १०:०८

नमस्कार मंडळी. राजवाड्यापासून चालत दहा मिनिटांवर आमचं चौदा खोल्यांचं छोटं हॉटेल आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, आता मी आणि हे बघतो. लग्नसराईत पुण्या-मुंबईकडची बरीच मराठी मंडळी उतरतात. आज सकाळी साडेअकराला २०४ मधल्या बाई खोली सोडून विमानाने पुण्याला गेल्या. रात्री ९:४० ला त्यांचा मेसेज आला, तसाच देते:

"काल रिसेप्शनवरून आल्यावर नथ काढून टिश्यूत गुंडाळून ठेवली होती. बहुतेक बेसिनपाशी, नाहीतर पलंगाजवळच्या टेबलावर. इथे बॅगेत नाहीये. आजेसासूबाईंची नथ आहे ती. खोली तुमच्याच माणसांनी साफ केली असणार. कृपया लगेच चौकशी करा."

यांनी उत्तर लिहून ठेवलंय: "मॅडम, आमचा स्टाफ बारा वर्षांपासूनचा आणि अतिशय प्रामाणिक आहे. आजवर एकही तक्रार नाही. तुम्ही सामानात पुन्हा एकदा नीट बघा. मौल्यवान वस्तूंची जबाबदारी पाहुण्यांची असते, तसा बोर्ड रिसेप्शनवर लावलेला आहे. तरीही चौकशी करून दोषी आढळल्यास कडक कारवाई करू."

अजून पाठवलेलं नाही. मला काहीतरी खटकतंय, पण नेमकं काय ते पकडता येत नाहीये. बाईंनाही दुखवायचं नाही आणि आमच्या मावशींवरही शिंतोडा नको. कसं लिहू?

सिंहगडरोडवाला (पुणे) · १०:१५

ताई, आधी सरळ पोलिसांत जा. माझं घड्याळ महाबळेश्वरला असंच गेलं होतं. हॉटेलवाल्यांनी "बघतो, बघतो" म्हणत आठ दिवस काढले आणि मग फोन उचलणंच बंद केलं. ही लोकं एकमेकांना सामील असतात. तुमची नथ परत मिळेल असं धरून चालू नका, पण हॉटेलचं नाव मात्र सगळीकडे टाका.

सराफ्यामागची · १०:१७

दादा, हॉटेल आमचंच आहे हो. नथ त्या बाईंची आहे.

सिंहगडरोडवाला · १०:१८

अरे देवा. बरं, मग फोन उचलत राहा.

जुना रिसेप्शनवाला (बडोदा) · १०:२१

उत्तर पाच मिनिटं राहू द्या. २०४ चा कचरा आत्ता कुठे आहे?

सराफ्यामागची · १०:२६

मागच्या बोळात, मोठ्या डब्यांत. सकाळी सातच्या आत महापालिकेची गाडी येते. ओला वेगळा आणि सुका वेगळा असतो, पण सगळ्या खोल्यांचा एकत्र.

जुना रिसेप्शनवाला · १०:३९

मग खाली जा, दोन्ही डबे आत घ्या आणि कुलपात ठेवा. डब्यांना हात लावताना दोघं असा आणि फोटो काढा. टिश्यूत गुंडाळलेली वस्तू म्हणजे खोली आवरणाऱ्याच्या नजरेला वापरलेला टिश्यू. बेसिनपाशी चुरगळलेला कागद दिसला की हात आपोआप डब्याकडे जातो. त्यात चोरीही नाही आणि निष्काळजीपणाही नाही, रोजच्या कामाची सवय आहे. हॉटेलांत सव्वीस वर्षं काढली. कवळी, कानातलं मशीन, अंगठ्या, सगळं अशा कागदातून बाहेर निघालेलं पाहिलंय. इंदूरमध्ये एकदा गाडी येऊन गेली की विषय संपला.

दुसरं, चादरी धुवायला बाहेर जात असतील तर लाँड्रीवाल्याला आत्ताच फोन करा. आजचा गठ्ठा उद्या तुमचा माणूस येईपर्यंत मशीनमध्ये टाकू नका, असं सांगा. कारण विचारलं तर "एक लहान वस्तू शोधतोय" एवढं पुरे. नथ हा शब्द काढू नका. उद्या सकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळेल आणि तिसऱ्याच कुणाचं तरी नाव चिकटेल.

तिसरं, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग. छोट्या डीव्हीआरमध्ये पंधरा-वीस दिवसांत जुनं पुसून नवं चढतं. काल रात्रीपासून आज संध्याकाळपर्यंतचं दुसऱ्या मजल्याचं आजच वेगळं काढून ठेवा.

हे सुरू झालं की उत्तर लिहू. उत्तरात लिहायला काही तरी खरं हातात असावं लागतं, नाहीतर मग स्टाफच्या प्रामाणिकपणावर निबंध लिहिला जातो.

पोहेजलेबी (इंदूर) · १०:४४

एवढं लांबण लावायची गरज नाही हो. बोर्ड लावलाय ना? "सामानाची जबाबदारी मालकाची." विषय संपला. आमच्या लॉजवरही तोच बोर्ड आहे. सॉरीसुद्धा म्हणू नका, सॉरी म्हटलं की कबुली झाली.

लष्करचा वकील (ग्वाल्हेर) · ११:०२

पोहेजलेबी, बोर्डाच्या भरवशावर झोपू नका. दिल्लीतल्या एका मोठ्या हॉटेलात १९९८ मध्ये पाहुण्याने गाडी पार्किंगसाठी हॉटेलच्या माणसाकडे दिली आणि ती चोरीला गेली. पावतीवर "मालकाच्या जोखमीवर" असं छापलेलं होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये निकाल लागला: वस्तू ताब्यात घेतल्यावर तिची नीट काळजी घेतली हे हॉटेलने दाखवायचं, नुसतं पावतीवर छापून निष्काळजीपणातून सुटका होत नाही.

अर्थात ती गाडी हातात दिलेली होती. ही नथ कुणी काउंटरवर जमा केली नव्हती, त्यामुळे निकाल जसाच्या तसा इथे बसत नाही. इथे आधी नथ खोलीत होती हे पाहुण्यांना दाखवावं लागेल, मग तुमच्याकडून हयगय झाली का हा प्रश्न येईल. तरीही पहिल्याच मेसेजात बोर्ड दाखवणं म्हणजे पाहुणे पाणी मागतायत आणि आपण बिल पुढे करतोय.

"सॉरी" बद्दल: "तुम्हाला झालेल्या मनस्तापाचं वाईट वाटतं" ही कबुली नाही. "आमच्याकडून गहाळ झाली, क्षमस्व" ही कबुली आहे. दोन्हींत फरक आहे.

मीनल_दांडियाबाजार (बडोदा) · ११:१०

मी शाळेत मराठी शिकवायचे, म्हणून माझं लक्ष क्रियापदांवर गेलं. "तुमची हरवलेली नथ" लिहिलं की हरवणाऱ्या त्या बाई. "चोरीला गेलेली" लिहिलं की चोर कुठेतरी आपल्याकडचा. "खोलीत राहिलेली नथ" फार साधं दिसतं, पण त्यात ती खोलीतच राहिली हे आपण मान्य करून बसतो. आणि "तुम्ही सांगितल्याप्रमाणे" हे तर कोर्टातल्यासारखं वाटतं, जणू आमचा विश्वास नाही. "नथ सापडत नाहीये" यात मात्र कुणीच कर्ता नाही. त्यांनी जे लिहिलंय तेच त्यांच्या शब्दांत परत लिहा: "तुम्ही लिहिलंय की बेसिनपाशी, नाहीतर टेबलावर."

"नीट बघा" मधला "नीट" तेवढा काढाच. पहिल्यांदा वेंधळेपणाने बघितलं असा त्याचा अर्थ होतो.

सराफ्यामागची · ११:२०

डबे आत घेतले. लाँड्रीवाल्याने गठ्ठा अजून सोडलेला नाही, सकाळी भाचा जाईल. मीनलताई, "नीट" बद्दल अगदी बरोबर, तेच खटकत होतं.

पण एक सांगायचं राहिलं. मेसेज आल्या आल्या यांनी मावशींना फोन केला आणि विचारलं, "मावशी, २०४ की नथ कहाँ रखी आपने?" मावशी दोन मिनिटं काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "भैया, मैंने कोई नथ नहीं देखी," आणि फोन ठेवला. आता उचलत नाहीत.

जुना रिसेप्शनवाला · ११:४१

"कहाँ रखी" हा प्रश्न नाही, हा निकाल आहे. मेसेजमध्ये कितीही जपून लिहिलं तरी आरोप फोनवर होऊन गेलाय. आता रात्री पुन्हा पुन्हा फोन करू नका. सकाळी तुम्ही स्वतः भेटा, यांना पाठवू नका. आधी म्हणा, "काल फोनवर जे विचारलं ते चुकीचं विचारलं." मग बसवून, चहा देऊन एवढंच विचारा: "काल २०४ कशी आवरलीत, दार उघडल्यापासून सांगा." मध्ये टोकू नका. बेसिनवर काय होतं, काय टाकलं, चादर कुठे झटकली, सगळं आपोआप येतं. "नथ दिसली का?" विचारलं की माणूस हो किंवा नाही म्हणतो आणि तिथेच थांबतो.

आणि तोच प्रश्न, त्याच शब्दांत, खोलीत पाऊल टाकलेल्या प्रत्येकाला विचारा. सामान उतरवणाऱ्याला, पाण्याच्या बाटल्या ठेवणाऱ्याला, आणि भाचा गेला असेल तर भाच्यालाही. फक्त मावशींना विचारलंत तर तो पुन्हा आरोपच.

आता उत्तर. यांच्या मसुद्यात एक गंमत आहे. पहिलं वाक्य म्हणतं आमची माणसं चोर नाहीत, म्हणजे पाहुणी खोटं बोलते. शेवटचं वाक्य म्हणतं दोषीवर कारवाई करू, म्हणजे आमच्यात चोर आहे. एका मेसेजात दोघांनाही दुखावलं. मी असं लिहीन:

"नमस्कार ताई. तुमचा मेसेज ९:४० ला मिळाला. आजेसासूबाईंची नथ सापडत नाही म्हटल्यावर जीवाला किती लागलं असेल ते कळतं. ती कुठे आहे हे आत्ता आम्हालाही माहीत नाही, पण शोध सुरू केलाय. खोली आज दुपारी आवरली गेली. तुम्ही टिश्यूचं लिहिलंत म्हणून आजचा सगळा कचरा बाजूला काढून ठेवलाय, तो आज रात्री बघतोय. चादरी-टॉवेलांचा गठ्ठा धुण्याआधी थांबवलाय. खोलीत आता दुसरे पाहुणे आहेत, त्यामुळे पलंगामागे आणि बेसिनखाली उद्या सकाळी बघता येईल. नथीचा एखादा फोटो असेल तर पाठवाल का? आणि टिश्यू आमच्या खोलीतल्या डब्यातला होता की लग्नघरचा कागदी नॅपकिन, आठवतं का? उद्या दुपारी बारापर्यंत, सापडली तरी आणि नाही सापडली तरी, मी स्वतः फोन करते."

टिश्यूचा प्रश्न मुद्दाम आहे. तुम्हाला डब्यात काय शोधायचं ते कळतं. शिवाय "बॅगेत बघा" न म्हणताही त्या काल रात्रीचा तो क्षण पुन्हा आठवतील. वस्तू कशात गुंडाळली हे आठवलं की पुष्कळदा कुठे ठेवली हेही आठवतं.

सराफ्यामागची · रात्री १२:०६

पाठवलं, थोडं माझ्या भाषेत करून. लगेच उत्तर आलं: "थँक यू. नॅपकिन लग्नाचाच असावा, गुलाबी. फोटो पाठवते." आता आम्ही दोघं हातमोजे घालून बसलोय. सुक्यात गुलाबी काही नाही. ओल्यात रात्रीच्या कचोरीचे कागद, चहापत्ती, आणि सगळ्यांत वर मोदकाएवढा चिकट गोळा, तो काय आहे ते मला जाणून घ्यायचं नाहीये.

पोहेजलेबी · १२:०९

सराफ्यातून पार्सल आणलेला गराडू असेल 😄

सराफ्यामागची · सोमवार, दुपारी १:१५

कचऱ्यात नाही. लाँड्रीच्या गठ्ठ्यातही नाही. एकेक अभ्रा उलटा करून झटकला, एका बाळाचा मोजा निघाला. २०४ च्या पाहुण्यांना सकाळी "पलंगामागे एक लहान वस्तू पडली असावी, तुमच्यासमोर बघू का?" असं विचारलं, त्यांनी आनंदाने हो म्हटलं. पलंग ओढला, काही नाही. प्लंबरने बेसिनखालची बाटली उघडली, त्यात केस, गाळ आणि कानातल्याची एक फिरकी. पिवळी आहे, सोन्याची का ते माहीत नाही. बाईंना फोटो पाठवला, त्यांची नाही म्हणाल्या. बारा वाजता फोन केला तेव्हा शांतपणे बोलल्या.

पण आता मला वेगळीच धाकधूक आहे. कुलूप बसवणाऱ्याने येऊन २०४ च्या कुलपाची नोंद काढली. शेवटचं पाहुण्यांचं कार्ड ११:३६. मग मजल्याचं कार्ड १२:२३ ला, आणि पुन्हा ३:१८ ला. मजल्याचं कार्ड मावशींकडेच असतं. खोली तर एक वाजेपर्यंत आवरून झाली होती. मग सव्वातीनला परत कशाला गेल्या? यांनी ते पाहिलं आणि माझ्याकडे बघितलं, बोलले काही नाहीत.

जुना रिसेप्शनवाला · २:०४

थांबा. नोंद कार्डाची असते, माणसाची नाही. मावशी जेवायला बसतात तेव्हा कार्ड कुठे असतं? आणि कुलपाचं घड्याळ स्वतःच्या सेलवर चालतं, ते पुढे-मागे होतं. आत्ता एक कार्ड लावून दार उघडा, मनगटावरची वेळ लिहून ठेवा, मग नोंदीत काय वेळ उमटते ते बघा. शिवाय ही कुलपं बाहेरून कार्ड लागलं की नोंद करतात. आतून मूठ फिरवून कोण किती वेळाने बाहेर पडलं ते त्यात सहसा नसतं. ते फक्त कॅमेऱ्यात.

त्यानंतर सव्वातीनबद्दल विचारा, पण "परत कशाला गेलात" असं नको. "दुपारनंतर २०४ मध्ये काही काम निघालं होतं का?"

सराफ्यामागची · संध्याकाळी ६:३०

कुलूप आठ मिनिटं पुढे आहे. म्हणजे ३:१८ ची खरी वेळ ३:१०. लाँड्रीवाल्याच्या चिठ्ठीवर "टॉवेल २२ नग, ३ बजे" असं लिहिलंय. कॅमेऱ्यात भाचा हातात चार टॉवेल घेऊन २०४ मध्ये जाताना दिसतो, अर्ध्या मिनिटात बाहेर. मावशी तेव्हा खाली जेवत होत्या आणि कार्ड काउंटरवर होतं. सकाळी दोन टॉवेल कमी पडले होते म्हणे. भाच्याला आम्ही सकाळी विचारलं होतं, तो हे विसरला होता.

खरं सांगू? भाचा निघाला तेव्हा यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. मावशी असत्या तर झाला असता का, हा प्रश्न मी विचारला नाही.

मीनल_दांडियाबाजार · ६:४२

विचारायला हवा होता.

लष्करचा वकील · ७:१०

भाचा निर्दोष ठरला असंही लिहू नका आणि मावशी सुटल्या असंही नको. तेवढंच लिहा, जेवढं कागदावर आहे. नोकराने मालकाच्या ताब्यातल्या वस्तूची चोरी केली तर त्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०६ मध्ये सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, साध्या चोरीपेक्षा जास्त. त्यामुळे कुणाचं नाव घेताना जीभ आवरलेली बरी. आणि नथीचे पैसे पगारातून कापायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर तो आत्ताच सोडा. त्या माणसाकडे सोपवलेलीच नव्हती अशा वस्तूचे पैसे, त्याची चूक सिद्ध न करता, त्याचं म्हणणं न ऐकता, कापता येत नाहीत.

पोहेजलेबी · ७:१५

आमच्याकडे तर कापतात.

लष्करचा वकील · ७:१६

माहीत आहे.

सराफ्यामागची · बुधवार, रात्री ९:२०

बाईंचा मेसेज: "घरी सगळे म्हणतात पोलिसांत द्या. तुमचं काय म्हणणं?" हे म्हणाले, सांग की इंदूरला यावं लागेल, मग गप्प बसतील.

लष्करचा वकील · ९:३८

तसं सांगू नका, खरंही नाही. पुण्यातल्या ठाण्यातही शून्य एफआयआर होऊ शकतो, तिथून तो इंदूरला येतो. लिहा: "तक्रार द्यायची की नाही हा पूर्ण तुमचा निर्णय. दिलीत तर आमच्याकडची नोंद आणि रेकॉर्डिंग पोलिसांना देऊ." रेकॉर्डिंग पोलिसांना, बाईंच्या व्हॉट्सअॅपवर नाही. त्यात इतर खोल्यांचे पाहुणे आणि तुमची माणसं दिसतात.

जुना रिसेप्शनवाला · ९:५५

सोबत एका पानाचं पत्र द्या. खोली कधी सोडली, कधी उघडली गेली, कुठे कुठे शोधलं, काय सापडलं नाही. कुलपाची वेळ दुरुस्त करून लिहा आणि घड्याळ आठ मिनिटं पुढे होतं हेही लिहा, लपवू नका. आत गेलेल्यांची नावं नकोत, "हाउसकीपिंग" आणि "टॉवेल ठेवण्यासाठी" एवढं पुरे. पोलिसांनी विचारलं तर द्या. शेवटी "यावरून नथ खोलीत होती किंवा नव्हती, असा निष्कर्ष आम्ही काढत नाही" हे एक वाक्य. ती फिरकीही सापडलेल्या वस्तूंच्या वहीत तारखेनिशी चढवा.

पैसे द्यायचे का, हे तुम्ही अजून विचारलेलं नाही. त्यावर माझं मत पक्कं नाही. काही मालक सदिच्छा म्हणून थोडी रक्कम देतात आणि लोकांना ती कबुली वाटते. मी एकदा द्यायला लावली होती, एकदा अडवली होती. दोन्ही वेळा पाहुणे परत आले नाहीत.

सराफ्यामागची · शनिवार, सकाळी ११:४०

पत्र दिलं. बाईंनी तक्रार दिली का माहीत नाही, विचारलं नाही. काल त्यांचा एवढाच मेसेज: "पत्र मिळालं. अजून मोठी बॅग नणंदेकडे आहे, ती रविवारी बघेन." मी "बरं" लिहिलं. पुढे काय लिहायचं ते सुचेना, आणि जे सुचत होतं ते लिहिण्यासारखं नव्हतं.

मावशी मंगळवारी आल्या नाहीत. बुधवारी मी त्यांच्या घरी जाऊन आले, यांना खाली स्कूटरपाशीच थांबवलं. गुरुवारपासून येतायत. आज बघितलं तर प्रत्येक खोलीतला चुरगळलेला कागद एकेक उघडून पाहतायत, मग डब्यात टाकतायत. एका खोलीला वीस मिनिटं जास्त लागतात. हे म्हणाले, त्यांना सांग एवढं नको. मी म्हटलं, तुम्हीच सांगा.